जुने संबंध आणि पंधरा आकडे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार आधी पोत्यात हात घालतो. हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच तोंड उघडतो. माल विकणाऱ्याला त्यात काही अपमान वाटत नाही. त्याच सांगलीतून टेम्पोत बसून, कराडमार्गे साताऱ्याला चाळीस मोबाइल हँडसेट येतात, साडेचार लाखांच्या घरातला माल, आणि घेणाऱ्याने तपासायचं काय, तर खोक्यावरचं सील. सील शाबूत म्हणजे माल शाबूत. आत काय आहे ते गिऱ्हाईक बघेल, आणि गिऱ्हाइकाला काय दिसलं ते दुकानदार ऐकून घेईल.

ऐकून झालं की दुकानदार वितरकाला पत्र लिहितो. या पत्राचा आपल्याकडे एक साचा ठरून गेला आहे. तो असा:

"माननीय शेठ, स. न. वि. वि. आपले व आमचे संबंध फार जुने आहेत. मागच्या आठवड्यात आपल्याकडून आलेल्या मालात बरेच पीस खराब निघाले आहेत. गिऱ्हाइके दुकानात येऊन भांडत आहेत व मार्केटमध्ये आमची बदनामी होत आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून काय ते बघावे, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा."

खाली सही, सहीवर दुकानाचा शिक्का, आणि या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. सोबत हात जोडल्याची दोन चित्रं.

पत्र वाचून सांगलीच्या शेठना मनापासून वाईट वाटतं, यात मला शंका नाही. पण "बरेच" म्हणजे किती? "खराब" म्हणजे काय होतंय? मागच्या आठवड्यात तीन बिलं झाली होती, त्यातलं कुठलं? आणि मागणी तरी काय, तर "काय ते बघावे". शेठ तंतोतंत तेच करतात. बघतात. रोज बघतात. त्यांचा सेल्समन साताऱ्याला आला की काउंटरला टेकून चहा घेतो आणि म्हणतो, "दादा, टेन्शन घेऊ नका, वर कळवलंय." वर म्हणजे कुठे हे दादा विचारत नाहीत, कारण पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय आणि त्याचे पीस कुणाला किती द्यायचे हे याच सेल्समनच्या डायरीत लिहिलं जाणार आहे.

आता एक हिशेब मांडू. समजा, साताऱ्यातल्या एका दुकानाने एकाच बिलावर एकाच मॉडेलचे चाळीस हँडसेट घेतले. दर 9,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,710, म्हणजे पीस पडला 11,210 रुपयांना आणि बिल झालं 4,48,400 रुपयांचं. आठवड्याभरात चौदा विकले गेले. त्यातले सहा परत आले. तक्रार सगळ्यांची एकच: चार्जर लावला की चार्जिंग सुरू होतं, थोड्या वेळाने आपोआप तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि फोन खालच्या बाजूला तापतो. दुकानात सव्वीस खोकी सीलबंद पडून आहेत. उरलेले आठ फोन गिऱ्हाइकांच्या खिशात आहेत आणि तिथून अजून आवाज आलेला नाही.

वरचं गोड पत्र लिहायला बसण्याआधी या दुकानदाराने एक साधी गोष्ट करायला हवी. परत आलेला फोन दुसऱ्या, चांगल्या चार्जरवर लावायचा. आणि त्याच्या खोक्यातला चार्जर न् केबल दुसऱ्या, चांगल्या फोनला लावायची. पहिल्यात चार्जिंग तुटलं आणि दुसऱ्यात नीट चाललं, तर दोष फोनचा. उलट झालं तर दोष चार्जरचा किंवा केबलचा, आणि मग भांडण सहा फोनांचं नसून सहा चार्जरांचं आहे. ही अदलाबदल केली नाही तर वितरकाचं पहिलं उत्तर तयारच असतं: "गिऱ्हाइकाने लोकल चार्जर वापरला असेल." या वाक्यावर महाराष्ट्रात किती पत्रं गारद झाली असतील, देव जाणे.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन दिला की तिथला मुलगा पहिल्यांदा सॉफ्टवेअर नव्याने टाकतो, फोन अर्धा तास चार्जिंगला लावतो, आणि तेवढ्यात काही झालं नाही तर कागदावर लिहितो, "दोष आढळला नाही". अधूनमधून होणाऱ्या दोषाची हीच अडचण असते. तो दुकानात होतो, सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर होत नाही. म्हणून व्हिडिओ काढून ठेवायचा. पण व्हिडिओत फक्त तुटणारं चार्जिंग दिसलं तर तो कुठल्याही फोनचा असू शकतो. आधी त्याच फोनवर *#06# दाबून आयएमईआय क्रमांक पडद्यावर आणायचा, शेजारी खोक्यावरचं लेबल धरायचं, आणि कॅमेरा न थांबवता चार्जर लावायचा. सलग एकच व्हिडिओ.

आता त्या पंधरा आकड्यांकडे येतो. आयएमईआय हा प्रत्येक फोनचा स्वतःचा क्रमांक. त्यातले पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, त्यामुळे चाळीसही फोनांचे ते बहुधा सारखेच असतील आणि त्यावरून बॅचबद्दल काहीच कळणार नाही. पुढचे सहा आकडे त्या एका नगाचे. पंधरावा आकडा नुसता पहारेकरी आहे: आधीच्या चौदांवर एक ठरलेली आकडेमोड करून तो काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना एक आकडा जरी चुकला तरी बेरीज जुळत नाही आणि संगणक क्रमांक नाकारतो. दुकानदार हाताने यादी लिहितो, सांगलीत कुणीतरी ती टाइप करतं, आणि "तुमचे दोन नंबर आमच्याकडे दाखवतच नाहीत" असा निरोप येतो. त्यात दरवेळी लबाडी नसते, पुष्कळदा फक्त 6 चा 8 झालेला असतो. आणखी एक घोळ दोन सिमच्या फोनचा. त्याला दोन आयएमईआय असतात. बिलावर बहुधा पहिला छापतात आणि गडबडीत दुकानदार पत्रात दुसरा उतरवतो. जो बिलावर आहे तोच पत्रात हवा.

मग बॅच ओळखायची कशावरून? खोक्याच्या लेबलवरून. पॅकबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि हा बारीक अक्षरातला मजकूर आपण दुकानदारांनी आयुष्यात एमआरपीपुढे कधी वाचलेला नसतो. आपल्या हिशेबातल्या दुकानदाराने वाचला असं धरू. परत आलेल्या सहाही खोक्यांवर एकच महिना निघाला. सीलबंद सव्वीसपैकी एकवीस खोक्यांवर तोच महिना आहे, आणि पाच खोकी वेगळ्या महिन्याची आहेत.

इथे आमच्या व्यापारी स्वभावाची परीक्षा होते. स्वभाव म्हणतो, सगळेच परत टाका, पाच जास्त गेले तर कुठे बिघडलं! बिघडतं ते असं की त्या पाचांमुळे पत्रातला सगळा मुद्दाच पातळ होतो. "अमुक महिन्याच्या मालात दोष आहे" हे म्हणणं तपासता येतं. "तुमचा माल बोगस आहे" ही शिवी झाली, आणि शिवीला क्रेडिट नोट मिळत नाही.

कंपन्या स्वतःवर पाळी आली की याच भाषेत बोलतात. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियाने बीएल-5सी या बॅटरीबद्दल इशारा दिला, तेव्हा "आमच्या बॅटऱ्या खराब आहेत" असं नाही म्हटलं. मात्सुशिता या एकाच पुरवठादाराने डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळात बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या, एवढीच रेघ आखली. बॅटरीच्या पाठीवरचा 26 अक्षरांचा क्रमांक जुळला तर बदलून मिळेल, नाहीतर नाही. आपल्याकडे लोक खिशातून बॅटऱ्या काढून नोकियाच्या केंद्रांवर गर्दी करत होते, आणि त्या गर्दीचं उत्तर क्रमांक देत होता, गर्दीचा आवाज नव्हे. सातारच्या दुकानदाराने आपल्या एकवीस अधिक सहा खोक्यांभोवती अशीच रेघ आखायची आहे.

म्हणजे मागणी झाली सत्तावीस नगांची, 3,02,670 रुपयांची. पण हे सत्तावीस एका जातीचे नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे.

परत आलेल्या सहांचं त्यातल्या त्यात सोपं. धंद्यात त्याला डीओए म्हणतात, खोक्यातूनच आजारी निघालेला फोन. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं प्रमाणपत्र लागतं, खोकं आणि फोन यांचा आयएमईआय जुळावा लागतो, आतली सगळी सामग्री हवी, पडल्या-घासल्याची खूण नको, आणि हे सगळं ठरावीक दिवसांत. किती दिवसांत, ते कंपनीगणिक वेगळं. पण हे दिवस मोजायचे कधीपासून? दुकानदार म्हणतो गिऱ्हाइकाच्या बिलापासून. कंपनी मात्र बघते फोन पहिल्यांदा चालू होऊन तिच्या संगणकात कधी नोंदला गेला ते, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन.

आणि इथे एक खोकला येतो. महिनाअखेर असते, स्कीमचं टार्गेट चार-पाच पिसांनी अडलेलं असतं, आणि काही दुकानदार सीलबंद फोन हळूच उघडून, चालू करून, "विकले" असं कंपनीला दाखवून ठेवतात. स्कीमचे पैसे पदरात पडतात. तोच फोन वीस दिवसांनी खऱ्या गिऱ्हाइकाला जातो, दुसऱ्या दिवशी आजारी पडतो, आणि कंपनीचा संगणक शांतपणे सांगतो की हा फोन तीन आठवड्यांपूर्वीच विकला गेला आहे, डीओएची मुदत संपली, आता दुरुस्ती करून घ्या. अशा वेळी दुकानदाराचं पत्र फार भावपूर्ण होतं. संबंध जुने होतात, बदनामी मार्केटभर होते. अ‍ॅक्टिव्हेशनची तारीख मात्र पत्रात कुठेच नसते. वितरकालाही कारण ठाऊक असतं, कारण स्कीमसाठी दोन पीस काढून टाका हे त्याच्याच सेल्समनने सुचवलेलं असण्याची शक्यता मी तरी नाकारणार नाही.

सीलबंद एकवीस खोक्यांची गोष्ट आणखी चमत्कारिक. ती उघडलेली नाहीत, म्हणून डीओए नाही. डीओए नाही, म्हणून वितरक म्हणतो, "दोष सिद्ध कुठे झालाय?" सिद्ध करायला उघडावी, तर "सील तोडलेला माल आम्ही घेत नाही." चालू करून बघावी, तर अ‍ॅक्टिव्हेशन होतं आणि वॉरंटीचं घड्याळ सुरू.

कायदा इतका वाकडा नाही. मालविक्रीचा कायदा 1930 सालचा, तेव्हा मोबाइल सोडाच, साताऱ्यात साधा टेलिफोनही मोजक्या घरी असेल. पण त्याच्या कलम 41 मध्ये सरळ लिहिलं आहे की आधी न तपासलेला माल घेणाऱ्याच्या ताब्यात आला तरी, तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असं समजायचं नाही. हळदवाल्याला जो हक्क पोत्यातच मिळतो, तो मोबाइलवाल्याला कागदावर आहे. फक्त तो मागावा लागतो, आणि मागायची रीत म्हणजे तिघांच्या समोर तपासणी: वितरकाचा माणूस, सर्व्हिस सेंटरचा माणूस आणि दुकानदार यांनी मिळून एकवीसपैकी चार-पाच खोकी उघडायची, चार्जर लावून तासभर बसायचं, आणि जे दिसेल त्यावर तिघांनी सह्या करायच्या. उघडलेल्या खोक्यांची जबाबदारी कुणाची, हे आधी लिहून घ्यायचं.

पण हाच कायदा पुढच्या कलमात दुकानदाराचा कान धरतो. कलम 42 म्हणतं, माल स्वीकारल्याचं तोंडाने सांगायलाच हवं असं नाही. नाकारल्याचं न कळवता वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतला, किंवा आपलाच असल्यासारखा पुढे विकला, तरी तो स्वीकारलाच. आणि कलम 13 म्हणतं, व्यवहार तुकड्यांत मोडण्यासारखा नसेल आणि मालाचा काही भाग स्वीकारला असेल, तर मग सगळा नाकारण्याचा हक्क जातो, उरतो तो नुकसानभरपाई मागण्याचा. चाळीसपैकी चौदा विकून बसलेल्या दुकानदाराने हे वाचून थोडं पाणी प्यावं. बिलावर दर नगाचा वेगळा आहे, म्हणून व्यवहार मोडता येतो, असा युक्तिवाद वकील करतील. समोरचे वकील उलट करतील. दोघांचीही घरं चालायला हवीत.

यातून निघणारी गोष्ट कायद्याची कमी आणि शटरची जास्त आहे. तिसरा फोन त्याच तक्रारीने परत आला त्या क्षणी त्या महिन्याची उरलेली खोकी काउंटरखाली ठेवायची आणि पत्र लिहायला घ्यायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. "शेठकडून उत्तर येईपर्यंत दोन-चार काढून टाकू" असं म्हणत दुकानदार विकत राहतो. दोष माहीत झाल्यावर विकलेला प्रत्येक फोन दोन कागद तयार करतो: एक, त्याने माल स्वीकारल्याचा, आणि दुसरा, त्याने जाणूनबुजून गिऱ्हाइकाला दिल्याचा.

तर पत्र असं असावं:

"विषय: आपले बिल क्र. (अमुक), दि. (अमुक), एकूण 40 हँडसेटपैकी 27 नग बदलून मिळण्याबाबत.

वरील बिलाचा माल आम्हाला दि. (अमुक) रोजी मिळाला. त्यातील 14 नग विकले गेले, पैकी 6 नग एकाच दोषामुळे परत आले: चार्जिंग वारंवार तुटते व फोन खालच्या बाजूस तापतो. चार्जर व केबल बदलून पाहिली, दोष फोनमध्येच आहे. सहाही नगांवर उत्पादनाचा महिना (अमुक) आहे. आयएमईआय, विक्रीची तारीख, अ‍ॅक्टिव्हेशनची तारीख व सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटचा क्रमांक यादी 'अ' मध्ये दिला आहे.

त्याच महिन्याचे 21 नग आमच्याकडे सीलबंद आहेत (यादी 'ब'). त्यांची विक्री आम्ही दि. (अमुक) पासून थांबवली आहे व हे नग आम्ही स्वीकारलेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपल्या प्रतिनिधीने येऊन संयुक्त तपासणी करावी. वेगळ्या महिन्याच्या 5 नगांबद्दल आमची तक्रार नाही.

या 27 नगांची किंमत करासह 3,02,670 रुपये होते. ते बदलून द्यावेत किंवा तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. या बिलापोटी आम्ही दिलेला दि. (अमुक) चा धनादेश, प्रश्न मिटेपर्यंत बँकेत भरू नये. उरलेल्या 13 नगांची 1,45,730 रुपयांची रक्कम आम्ही वेळेत देत आहोत."

एवढंच. लोभ असावा हवं तर लिहा, कर लागत नाही.

धनादेशाचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. चिडलेला दुकानदार पहिली गोष्ट करतो ती बँकेत जाऊन चेक थांबवण्याची. त्याला वाटतं, आता शेठ धावत येतील. शेठ येत नाहीत, त्यांची नोटीस येते, परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 ची. खात्यात पैसे होते, मी फक्त चेक थांबवला, हे म्हणणं तिथे आपोआप ढाल होत नाही. खराब माल विकणारा फिर्यादी होतो आणि घेणारा आरोपी. चेक वटायच्या आधी लिहिलेलं, तारखेचं, पोच असलेलं पत्र हातात असलं तर निदान सांगायला काही असतं. पोच म्हणजे स्पीड पोस्टाची किंवा ईमेलची. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणांवर विसंबणाऱ्याला मी अडवत नाही, पण फोन बदलला की त्या खुणाही जातात, आणि हा माणूस धंद्यानेच फोन बदलतो.

शेठ चांगले निघाले आणि माल परत घेतो म्हणाले, तरी काम संपत नाही. क्रेडिट नोट द्यायची ती विकणाऱ्याने, म्हणजे सांगलीने. साताऱ्याने नुसती वहीत वजा करून चालत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच) ती जीएसटीच्या हिशेबात दाखवता येते, नंतर कराचा भाग बुडाला. माल परत पाठवायचा तर नुसता एसटीच्या पार्सलात टाकून जमत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि आपला माल तीन लाखांचा आहे. तासवडे टोलनाक्याजवळ गाडी अडली की "खराब माल परत चाललाय साहेब" हे वाक्य खरं असूनही कुणाला पटत नाही.

आणि ज्या सहा गिऱ्हाइकांना नवा फोन मिळाला, त्यांच्या बिलावर जुनाच आयएमईआय राहतो. हा घोटाळा तेव्हा कळतो, जेव्हा तो फोन सातारच्या एसटी स्टँडवर चोरीला जातो, माणूस पोलिसांत जातो, आणि बिलावरचा क्रमांक भलत्याच फोनचा निघतो. बदली फोन देताना बिलही नवं द्यायचं असतं. शिवाय बदलून आलेला फोन खरोखर नवा आहे ना, हेही 14422 वर KYM लिहून पुढे पंधरा आकडे टाकले की निदान क्रमांकापुरतं कळतं.

हे सगळं करून शेठ ऐकले नाहीत तर? दुकानदाराला पहिल्यांदा ग्राहक आयोग आठवतो. तो दरवाजा त्याच्यासाठी बंद आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा हा ग्राहकच नव्हे. त्याचं गिऱ्हाईक मात्र ग्राहक आहे, आणि नव्या कायद्याने ते राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतं. म्हणजे कोरेगावचा माणूस साताऱ्यातच दुकानदाराला आयोगासमोर उभा करील. दुकानदाराला स्वतःचं गाऱ्हाणं न्यायचं तर वितरकाच्या बिलाच्या तळाशी छापलेलं असतं, "सर्व वाद सांगली न्यायक्षेत्रात". रक्कम 3 लाखांवर आहे, तेव्हा प्रकरण व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्यात जातं, आणि तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. मध्यस्थ दोघांना समोरासमोर बसवून पहिल्यांदा विचारणार, कुठले नग, कुठलं बिल, काय दोष. म्हणजे तीच यादी.

लहान दुकानदार एकटा असतो म्हणून त्याचं पत्र मऊ होतं, हेही खरं आहे. मोठेही काही फार सुखात नाहीत. एप्रिल 2024 मध्ये दक्षिणेतल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने वनप्लस कंपनीला पत्र लिहिलं की 1 मेपासून आम्ही तुमचा माल विकणं थांबवतो. सहा राज्यांतली साडेचार हजारांवर दुकानं, त्यात महाराष्ट्रातलीही. तक्रारी होत्या तुटपुंजा नफा, एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं, आणि वॉरंटीचे दावे रखडवणं. साडेचार हजार दुकानं एकत्र आली तेव्हा पत्रात तारीख आली, आधी नुसतीच चर्चा चालू होती. सातारच्या राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतच्या दुकानदारांनी एकाच वितरकाकडून आलेल्या त्याच महिन्याच्या खोक्यांची एक यादी करायला संघटना लागत नाही, पण शेजारच्या दुकानदाराला आपला माल खराब निघाला हे सांगावं लागतं, आणि ते आपल्याला जमत नाही. शेजारी त्याच वेळी तेच सहा फोन लपवून बसलेला असतो.

आता राहिले ते आठ. ज्यांची तक्रार आलेली नाही. त्यांचे आयएमईआय दुकानदाराकडे आहेत, बिलावर फोन नंबर आहेत, आणि महिना कुठला हे सांगलीच्या वितरकाला यादी पाठवली तर तो कंपनीकडून काढून देऊ शकतो. फोन करून विचारायला हवं, "चार्जिंग नीट होतंय ना?" एक फोन अर्ध्या मिनिटाचा. डीओएची मुदत संपायच्या आत विचारलं तर गिऱ्हाइकाला नवा फोन मिळेल, नंतर विचारलं तर दुरुस्ती. मी ज्या ज्या दुकानदारांशी बोललो, त्यांना ही कल्पना ऐकून हसू आलं. झोपलेल्याला कशाला उठवायचं, असं एकाने विचारलं. त्याच्या मागे भिंतीवर पाटी होती, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी त्याला पाटीबद्दल विचारलं, तर म्हणाला, "ती वितरकाने फुकट दिलीय, कॅलेंडरबरोबर."